दोरी किती तिरपी धरावी?

शंभर किलोची एक लाकडी पेटी गोदामाच्या खरखरीत कोब्यावर उभी आहे. ती पंधरा फूट पलीकडे, दाराशी न्यायची आहे. ट्रॉली दुसरीकडे अडकली आहे, हाताशी फक्त एक जाड दोरी आहे. दोरी पेटीच्या कडीला बांधली की पहिला वाद सुरू होतो. एकजण म्हणतो, दोरी जमिनीला समांतर धर, सगळा जोर पुढे लागला पाहिजे. दुसरा म्हणतो, जरा वर खेच, म्हणजे पेटी हलकी होईल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच प्रश्न मजेदार होतो. दोघांचं थोडं थोडं ऐकायचं, तर नेमकं किती?

आधी पेटी का अडते ते पाहू. पेटीचं वजन जमिनीवर दाब देतं आणि त्या दाबाच्या प्रमाणात जमीन पेटीच्या सरकण्याला विरोध करते. विरोध दाबाच्या किती पट, हे सांगणाऱ्या आकड्याला घर्षणांक म्हणतात. खरखरीत कोबा आणि रंधा न मारलेलं लाकूड यांच्यासाठी तो ०.५ धरू. म्हणजे जमिनीवर शंभर किलोचा दाब असेल, तर पेटी हलवायला पन्नास किलोचा जोर हवा. शास्त्राच्या पुस्तकात बल न्यूटनमध्ये मोजतात आणि शंभर किलोचं वजन तिथे ९८१ न्यूटन होतं. पण गोदामात कोणी न्यूटनमध्ये बोलत नाही, तेव्हा इथेही किलोच ठेवू. पन्नास किलोचा जोर म्हणजे पन्नास किलोचं पोतं लटकवल्यावर दोरीला जेवढा ताण बसेल तेवढा.

दोरी जमिनीला समांतर असेल तर हिशेब इथेच संपतो: पन्नास किलो. आता दोरीचं ओढणाऱ्याकडचं टोक हळूहळू वर न्या. दोरीतल्या ताणाचे दोन भाग पडतात. एक पेटीला पुढे ओढतो, दुसरा वर उचलतो. वर उचलणाऱ्या भागामुळे जमिनीवरचा दाब कमी होतो आणि दाबाबरोबर विरोधही घटतो. पण दोरी जितकी वर, तितका पुढे ओढणारा भाग कमी. सुरुवातीला हा सौदा फायद्याचा असतो. दोरी दहा अंश वर गेली, तर पुढची ओढ जेमतेम दीड टक्क्याने घटते, पण उचल मात्र ताणाच्या सतरा टक्के मिळते. पुढे पुढे हाच सौदा महाग होत जातो आणि कुठेतरी नफा-तोटा बरोबरीला येतो. तो बिंदू शोधायचा आहे. सगळा हिशेब एका ओळीत असा मांडता येतो:

P = μW / (cos θ + μ sin θ)

यात P म्हणजे दोरीतला ताण, W पेटीचं वजन, μ घर्षणांक आणि θ दोरीचा जमिनीशी कोन. आपल्या पेटीचे आकडे घालून पाहिले, तर समांतर दोरीला ५० किलो लागतात, दहा अंशांना ४६.७, वीस अंशांना ४५, तीस अंशांना ४४.८. त्यानंतर आकडा पुन्हा चढू लागतो. पंचेचाळीस अंशांना ४७.१ आणि साठ अंशांना ५३.६, म्हणजे समांतर ओढण्यापेक्षाही जास्त. दोरी सरळ उभी, नव्वद अंशांत धरली, तर पूर्ण शंभर किलो. हे बरोबरच आहे, कारण तेव्हा पेटी ओढली जात नाही, उचलली जाते.

सगळ्यात कमी आकडा वीस आणि तीस अंशांच्या मध्ये आहे. नेमका सांगायचा तर २६.६ अंशांना ४४.७ किलो.

हा २६.६ अंशांचा कोन आला कुठून? अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी कलनशास्त्र लावून दोन ओळींत सांगेल की या कोनाचा टॅन्जंट घर्षणांकाएवढा असतो. उत्तर बरोबर आहे, पण त्यातून कारण कळत नाही. कारण कळायचं तर जमीन पेटीला काय करते ते नीट बघावं लागतं.

जमीन पेटीला वर ढकलते आणि मागेही खेचते. हे दोन्ही मिळून जमिनीचा एकच तिरपा धक्का मानता येतो. पेटी सरकण्याच्या बेतात असते तेव्हा या धक्क्याची दिशा ठरलेली असते. घर्षणांक ०.५ असेल तर तो वर दोन भाग आणि मागे एक भाग, असाच असतो. दोरीने दाब कमी केला तर धक्क्याचा जोर कमी होतो, पण कल तोच राहतो, कारण दाब आणि विरोध दोन्ही एकाच प्रमाणात घटतात. उभ्या रेषेशी होणाऱ्या या कलाला घर्षणकोन म्हणतात. आपल्या पेटीसाठी तो २६.६ अंश आहे.

आता पेटीवर तीनच गोष्टी काम करतात. खाली जाणारं वजन ठरलेलं आहे. जमिनीच्या धक्क्याची दिशा ठरलेली आहे, जोर कितीही असू शकतो. उरलेली तूट दोरीने भरून काढायची आहे. कागदावर वजनाची उभी रेघ काढली आणि तिच्या टोकाशी जमिनीच्या धक्क्याची तिरपी रेघ काढली, तर दोरीची रेघ वजनाच्या रेघेच्या दुसऱ्या टोकापासून त्या तिरप्या रेघेपर्यंत कुठेही पोचली की त्रिकोण बंद होतो. शेतातल्या घरातून सरळ जाणारा डांबरी रस्ता गाठायचा असेल, तर सगळ्यात जवळची वाट रस्त्याला काटकोनात असते. इथेही तसंच आहे. दोरीची सगळ्यात आखूड रेघ, म्हणजे सगळ्यात कमी ताण, जमिनीच्या धक्क्याला काटकोनात असते. धक्का उभ्या रेषेपासून जितके अंश मागे कललेला, तितकेच अंश दोरी आडव्या रेषेपासून वर. बास, एवढंच.

या चित्रातून आणखी एक गोष्ट दिसते. फरशीचा एक तुकडा उतरता करून त्यावर त्याच लाकडाचा ठोकळा ठेवला आणि उतार हळूहळू वाढवला, तर ज्या उताराला ठोकळा आपोआप घसरू लागतो तो उतारही घर्षणकोनाएवढाच असतो. म्हणजे दोरीचा सर्वोत्तम कोन मोजायला ना कोनमापक लागतो, ना गणित. जमिनीसारखाच पृष्ठभाग असलेली मीटरभर लांबीची फळी घ्यावी, पेटीच्या बुडाचं लाकूड त्यावर ठेवावं आणि फळीचं एक टोक उचलत जावं. टोक ४५ सेंटिमीटर वर आल्यावर ठोकळा घसरला आणि तेव्हा फळीचा पाया ९० सेंटिमीटर भरला, तर प्रमाण एकास दोन. दोरीही त्याच प्रमाणात धरायची: दोन हात पुढे, एक हात वर. फळी नसेल तर प्रवासाच्या बॅगा तोलायचा आकड्याचा काटा चालतो. दहा किलोची तशीच एखादी लाकडी पेटी त्याने जमिनीला समांतर ओढावी आणि ती हलते त्या क्षणीचा आकडा वाचावा. पाच किलो आला, तर घर्षणांक ०.५.

हे दोरीच्या लांबीतही मांडता येतं, आणि गोदामात तेच जास्त उपयोगी पडतं. दोरी पेटीच्या कडीला जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर बांधली आहे आणि ओढणाऱ्याच्या खांद्यावरून ती १३० सेंटिमीटर उंचीवर जाते, असं समजा. चढ ११५ सेंटिमीटर झाला. एकास दोनच्या प्रमाणासाठी ओढणारा पेटीपासून २३० सेंटिमीटर पुढे हवा, म्हणजे दोरीची मोकळी लांबी अडीच मीटरच्या थोडी वर. तीच पेटी जरा गुळगुळीत फरशीवर असेल आणि घर्षणांक ०.३ असेल, तर दोरी चार मीटर लागेल. फरशी जितकी गुळगुळीत, तितकी दोरी लांब.

आता प्रश्न असा की इतकी नेमकी मापं काढायची गरज आहे का? इथे आकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजेत. वीस अंशांना ४५ किलो, तीस अंशांना ४४.८. सर्वोत्तम कोनाच्या आसपास ताण जवळजवळ बदलतच नाही. दहा अंशांची चूक झाली, तर फक्त दीड टक्का जास्त ओढावं लागतं. आपल्या पेटीसाठी ९ अंशांपासून ४४ अंशांपर्यंत कुठेही दोरी धरली, तरी जोर कमीत कमी जोराच्या पाच टक्क्यांच्या आतच वाढतो. घर्षणांक चुकला तरीही तसंच. ०.५ समजून दोरी धरली आणि खरा आकडा ०.६ निघाला, तर ५१.४ ऐवजी ५१.६ किलो लागतील. हा फरक माणसाला जाणवणार नाही. परीक्षेत पूर्ण गुण मिळवायला २६.६ लिहावंच लागतं, पण ओढणाऱ्याला मध्यम चढाची दोरी पुरते.

मग एवढी चर्चा कशाला? एक कारण असं की फायदा सगळीकडे सारखा नसतो. आपल्या पेटीत ५० वरून ४४.७ वर आलो, म्हणजे दहा टक्के वाचले. घर्षणांक ०.२ असलेल्या चकचकीत टाइलवर उत्तम कोन फक्त ११ अंशांचा आणि बचत दोन टक्के. तिथे दोरीच्या कोनाची चिंता करणं म्हणजे वेळ घालवणं. उलट अशा फरशीवर कोणी दोरी ४५ अंशांत वर खेचली, तर समांतर ओढीपेक्षा अठरा टक्के जास्त जोर लागतो. दुसऱ्या टोकाला, पेटीच्या बुडाला रबर लावलेलं असेल आणि घर्षणांक ०.८ असेल, तर उत्तम कोन ३९ अंशांच्या आसपास जातो आणि बचत तब्बल बावीस टक्के होते. हिशेबाचा एक सोपा नियमही यातून निघतो. सर्वोत्तम कोनाच्या दुप्पट कोनापर्यंत दोरी तिरपी धरणं समांतर धरण्यापेक्षा फायद्याचंच असतं. त्यापलीकडे तोटा सुरू होतो. आपल्या पेटीसाठी ही मर्यादा ५३ अंशांची आहे.

दुसरं कारण मात्र खरं महत्त्वाचं आहे आणि पाठ्यपुस्तकं ते सहसा सांगतच नाहीत. पुस्तकातली दोरी कुठल्या तरी बाणाने ओढलेली असते. प्रत्यक्षात ती माणूस ओढतो आणि त्या माणसाचे पाय त्याच जमिनीवर असतात.

दोरी पेटीला पुढे आणि वर खेचते, तेव्हा ती माणसाला मागे आणि खाली खेचते. साठ किलोचा माणूस समांतर दोरीने पेटी हलवायला बघतो, तेव्हा त्याच्या पायांना जमिनीकडून पन्नास किलोची पकड मिळायला हवी, आणि पायांखालचा दाब फक्त त्याच्या साठ किलोंचा. म्हणजे तळव्याचा घर्षणांक निदान ०.८३ हवा. स्वच्छ, कोरड्या कोब्यावर चांगल्या रबरी तळव्याला हे कदाचित जमेल. धूळ असेल, सिमेंटची पूड सांडली असेल किंवा पायात झिजलेली चप्पल असेल, तर पेटी जागची हलण्याआधी माणूसच घसरतो.

आता दोरी एकास दोनच्या चढाने धरा. ताण ४४.७ किलो, पैकी ४० किलो पुढे आणि २० किलो वर. पेटीखालचा दाब शंभरावरून ऐंशीवर आला, विरोध चाळीस झाला, तोच दोरीच्या पुढच्या भागाने फेडला. पण पेटीवरून उतरलेले ते वीस किलो कुठे गेले? ते दोरीतून माणसाच्या खांद्यावर आणि तिथून त्याच्या पायांवर आले. आता पायांखाली ऐंशी किलोचा दाब आहे आणि पकड हवी चाळीस किलोची. तळव्याला ०.५ पुरतं. जोरात बचत झाली दहा टक्के, पण पाय घसरण्याचा धोका त्याहून कितीतरी जास्त घटला. पेटी ओढताना माणूस दमतो त्यापेक्षा घसरतो जास्त वेळा, हे ज्यांनी ही कामं केली आहेत त्यांना सांगावं लागत नाही.

पायांच्या बाजूने पाहिलं, तर दोरी थोडी जास्तच चढती धरलेली बरी. ३५ अंशांना ताण ४५.२ किलो होतो, म्हणजे अर्धाच किलो वाढतो, पण पायांना लागणारी पकड ०.४३ वर येते. शंका असेल तर दोरी लांब धरण्यापेक्षा आखूड धरावी, असा सल्ला यातून निघतो. चकचकीत टाइलवरही हे लागू होतं, जरी तिथे जोर वाढत असला तरी. घर्षणांक ०.२ असताना समांतर ओढीला पायांची पकड ०.३३ लागते, ४५ अंशांना फक्त ०.२२. टाइल जर पेटीला गुळगुळीत असेल, तर ती बहुधा पायांनाही गुळगुळीतच असते.

ढकलण्याचं गणित याच्या बरोबर उलट चालतं. उंच पेटीच्या वरच्या कडेला हात टेकवून वाकून ढकलणारा माणूस नकळत तिला खालीही दाबत असतो. हा खालचा कल पंधरा अंशांचा असला, तर ४५.६ किलोऐवजी जवळजवळ साठ किलो लागतात. पण त्याहून वाईट म्हणजे पेटी त्या माणसाला वर ढकलते. साठ किलोंपैकी साडेपंधरा किलो त्याच्या पायांवरून उतरतात आणि उरलेल्या दाबातून त्याला ५८ किलोची पकड काढायची असते. ते कुठल्याच चपलेला शक्य नाही. कल वाढत वाढत ६३ अंशांच्या पुढे गेला, तर पेटी जगातल्या कुठल्याही जोराने सरकत नाही, कारण जितकं दाबावं तितकी ती घट्ट बसते. म्हणून ढकलायचंच असेल, तर खाली बसकण मारून, हात पेटीच्या खालच्या भागाला लावून, जरा वरच्या दिशेने ढकलावं. म्हणजे पुन्हा दोरीचंच गणित लागू होतं.

या गणितामागचे नियम घडायला मोठा काळ लागला. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांमध्ये पृष्ठभागावर ओढल्या जाणाऱ्या ठोकळ्यांची चित्रं आहेत. विरोध दाबाच्या प्रमाणात असतो आणि टेकलेल्या जागेच्या आकारावर अवलंबून नसतो, हे गिलॉम आमोंताँ यांनी १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. पण पेटी ओढणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी काम शार्ल कुलोंब यांचं आहे. विद्युतप्रभारांमधल्या बलाच्या नियमामुळे पुढे प्रसिद्ध झालेले हे गृहस्थ मुळात लष्करी अभियंते होते. रोशफोरच्या जहाजगोदीत त्यांनी मजबूत बाकावर वजन लादलेले लाकडी ठोकळे ठेवले, त्यांना दोरी बांधली, ती कप्पीवरून खाली सोडली आणि टोकाला वजनं लावत मोजत गेले. १७८१ मध्ये या कामाला अकादमीचं पारितोषिक मिळालं.

त्यांना दिसलेली एक गोष्ट गोदामातही रोज दिसते. लाकडावर लाकूड जितका जास्त वेळ नुसतं टेकून राहील, तितकं ते सुटायला जास्त जोर लागतो. महिनाभर एका जागी असलेली पेटी सकाळी ठेवलेल्या पेटीपेक्षा जास्त चिकटून बसलेली असते. एकदा सुटली की मात्र विरोध घटतो, आपल्या उदाहरणात ०.५ वरून ०.४ पर्यंत, समजा. तेव्हा चालत्या पेटीला सुमारे ३७ किलो पुरतात. दोरीचा कोन बदलायची गरज पडत नाही, कारण जुन्या कोनाला ३७.३ आणि नव्या उत्तम कोनाला ३७.१, एवढाच फरक. पण सुरुवातीच्या आणि चालू असतानाच्या जोरातली ही दरी दुसरा घोळ घालते. नायलॉनची लवचिक दोरी असेल, तर ती ताणली जाते, पेटी अचानक सुटते, दोरी सैल पडते, पेटी थांबते, आणि सगळं पहिल्यापासून. पेटी हिसक्या-हिसक्याने सरकते आणि ओढणारा तोल जाऊन पडतो. न ताणणारी दोरी इथे चांगली. सुरुवातीला पेटीला एका कोपऱ्यातून जरासं हलवून जागा सोडवून घेतली, तर पहिला हिसकाही टळतो.

दोरीच्या कोनाला मर्यादा कुठे येते, हे इजिप्तमधल्या एका जुन्या चित्रात दिसतं. देर अल बर्शा इथे जेहुतीहोतेप या अधिकाऱ्याची सुमारे १९०० वर्षं इसवीसनपूर्व काळातली कबर आहे. तिच्या भिंतीवर एक प्रचंड पुतळा लाकडी घसरगाडीवर बांधून माणसांच्या रांगा ओढत नेताना रंगवला होता. गाडीच्या पुढच्या टोकावर उभा असलेला एकजण समोरच्या वाळूवर पाणी ओततो आहे. पूर्वी ते कर्मकांड मानलं जाई. २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या दानिएल बॉन यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाळूवर छोटी घसरगाडी ओढून पाहिली. योग्य प्रमाणात ओल असलेल्या वाळूवर लागणारा जोर कोरड्या वाळूच्या निम्म्यावर आला, कारण कोरड्या वाळूत गाडीपुढे ढीग साचतो आणि ओली वाळू घट्ट राहते. आता दोरीचा कोन बघा. शेकडो माणसं लांबच लांब रांगेत ओढतात, तेव्हा दोरी खांद्याच्या उंचीवर जाऊन आडवीच होते. चढ फक्त पहिल्या काही फुटांपुरता. घर्षणांक ०.३ असेल, तर उत्तम कोनाने वाचणार होते चार टक्के, आणि पाण्याने वाचले पन्नास. इजिप्शियन कारागिरांनी योग्य ठिकाणी मेहनत घेतली.

जिथे जमीन खोदली जाते, तिथे चढत्या दोरीचं महत्त्व वेगळंच असतं. गडचिरोलीतल्या कमलापूरच्या हत्ती कॅम्पमधले हत्ती पूर्वी जंगलातलं लाकूड ओढायचे. अशा कामात ओंडका जमिनीवर असतो आणि साखळी वर हत्तीच्या पट्ट्याकडे जाते, त्यामुळे ओंडक्याचं पुढचं टोक जरा उचललेलं राहतं. ते खाली असतं तर ओंडका नांगरासारखा माती उकरत गेला असता. मातीत, चिखलात किंवा जाड गालिच्यावर विरोध नुसत्या दाबावर अवलंबून राहत नाही आणि वरचा सगळा हिशेब अंदाजापुरताच उरतो. तिथे दोरी आकड्यांनी सांगितलं त्यापेक्षा जास्त चढती धरावी. गोदामातही पेटीच्या बुडातून वर आलेला एखादा खिळा हेच करतो. पेटी सरळ न जाता एका बाजूला वळू लागली आणि मागे कोब्यावर पांढरी चरे उमटली, तर कोन बदलून उपयोग नाही. पेटी आडवी करून खिळा ठोकावा.

राहिला प्रश्न दोरी कुठे बांधायची. पेटी साठ सेंटिमीटर रुंद असेल आणि सामान आत सारखं भरलेलं असेल, तर समांतर ओढीला दोरी साठ सेंटिमीटरपेक्षा वर बांधली की पेटी सरकण्याऐवजी पुढे कोलमडते. एकास दोनच्या चढाला हीच मर्यादा पंचाहत्तर सेंटिमीटरवर जाते. सुरक्षित राहायचं तर दोरी पेटीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, समोरच्या बाजूला बांधावी. फार खाली बांधून दोरी फार उभी, ७० अंशांच्या आसपास धरली, तर उलटंच होतं. पेटीचं पुढचं टोक उचललं जातं आणि मागची कडा कोब्यात रुतते. दोरी जास्तच उभी झाली आहे, हे ओळखायची ती खूण. पाय घसरत असतील तर दोरी फार आडवी आहे, पेटी पुढे डोलत असेल तर गाठ फार वर आहे.

आणि ट्रॉली मोकळी झालीच, तर दोरी गुंडाळून ठेवावी. कठीण कोब्यावर चांगल्या चाकांच्या ट्रॉलीवर तीच शंभर किलोची पेटी दोन-तीन किलोच्या जोराने चालते. त्या चाकांसाठी दोरीचा सर्वोत्तम कोन दीड अंशाच्या आसपास भरतो, म्हणजे दांडा कसाही धरला तरी चालतो.